मदत हवी आहे: आयतालेखातील स्तंभ चिकटून का काढतात?

मुक्ता_१०: माझ्या मुलीने वर्गातील ४० मुलांच्या उंचीची सारणी केली आहे: १४०-१४४ सेंमीमध्ये ४ मुले, १४५-१४९ मध्ये ९, १५०-१५४ मध्ये १४, १५५-१५९ मध्ये ८ आणि १६०-१६४ मध्ये ५. तिने स्तंभांमध्ये फटी ठेवल्या, तर बाईंनी हा आयतालेख नाही असे सांगितले. मात्र मुले शाळेत चालत, सायकलने की बसने येतात, या तिच्या स्तंभालेखात फटी चालल्या. हा फरक कशामुळे?

निळासागर: ही केवळ मांडणीची पद्धत आहे. एक्सेलमध्ये Gap Width शून्य करा, स्तंभ चिकटतील.

आडवा_अक्ष: स्तंभ चिकटतील, परंतु आयतालेख होईलच असे नाही, कारण प्रश्न आडव्या अक्षाचा आहे. चालत, सायकल आणि बस ही नुसती नावे आहेत. त्यांचा क्रम बदलला तरी काही बिघडत नाही आणि सायकल व बस यांच्यामध्ये मोजण्यासारखे काही नसते, म्हणून तिथली फट निरर्थक असते आणि केवळ वाचायला सोयीची म्हणून ठेवतात. उंचीचा अक्ष मात्र मोजपट्टीसारखा सलग असतो. त्यावर फट सोडली, तर त्या उंचीचे कोणीच नाही असा तिचा अर्थ होतो, आणि खरोखरच एखादा वर्ग रिकामा असेल तर आयतालेखातही तेवढी जागा मोकळीच सोडावी लागते.

आता मुलीच्या सारणीत १४४ नंतर एकदम १४५ येते, त्यामुळे फट आपोआप दिसते. पण १४४.३ सेंमी उंचीचा मुलगा १४४ मध्ये नोंदला गेला आणि १४४.७ चा १४५ मध्ये, म्हणजे वर्गाची खरी सीमा १४४.५ आहे. म्हणून वर्ग १३९.५-१४४.५, १४४.५-१४९.५ असे करून घ्यावेत. मग पहिला स्तंभ संपतो तिथेच दुसरा सुरू होतो.

निळासागर: म्हणजे १४०-१४४ हीच लेबले ठेवून फट शून्य केली, तर चुकेल?

आडवा_अक्ष: वर्ग समान असल्याने चित्र जवळजवळ तसेच दिसेल. मात्र शेवटचे दोन वर्ग एकत्र करून १५४.५-१६४.५ असा १३ मुलांचा एकच वर्ग केला, तर एक्सेलचा साधा स्तंभालेख त्यालाही इतरांइतकीच रुंदी देईल. आयतालेखात तो दुप्पट रुंद हवा आणि त्याची उंची १३ नव्हे, साडेसहा हवी, कारण तिथे संख्या क्षेत्रफळावरून वाचली जाते.

शेतमळा: माझ्याकडे प्रत्येक घरातील जनावरांची संख्या आहे: ०, १, २, ३. तीही आकडेवारीच, तर स्तंभ चिकटवावेत ना?

आडवा_अक्ष: अडीच जनावरे नसतात, म्हणून मी फट ठेवीन. मात्र २ चा स्तंभ १.५ ते २.५ असा काढून चिकटवणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांना चूक म्हणता येणार नाही.

मुक्ता_१०: १३९.५ पासून नवीन आलेख काढायला घेतला आहे. अक्ष शून्यापासून सुरू होत नाही, तर डावीकडे तुटक खूण करावी ना?

आडवा_अक्ष: होय, आडव्या अक्षावर करावी. उभा अक्ष मात्र शून्यापासूनच ठेवा.