उत्तर: ‘योग्य दुरुस्ती करावी’ म्हणजे नेमकं काय?

> "गॅलरीच्या स्लॅबखालचं काँक्रीट सुटलंय, गंजलेल्या सळया दिसतात, योग्य दुरुस्ती करावी, एवढंच अहवालात आहे. घाई किती?"

मालकाला कळेल असं ते वाक्य मी असं लिहीन: "धोका मोठा. गॅलरीचा वापर आणि खालची ये-जा आजच बंद करा, कुंड्या हलवा. वरच्या सळया तपासेपर्यंत खालून टेकू द्या."

इतकी घाई का? भिंतीतून बाहेर आलेल्या स्लॅबचा भार वरच्या बाजूच्या सळया पेलतात. खाली दिसणारा गंज ही फक्त खूण. खरी सळई लादीखाली असते. म्हणून भिंतीलगतची लादी काढून, थोडं काँक्रीट फोडून सळईचा व्यास मोजायला सांगा. तिथे स्लॅबच्या वरच्या बाजूला भिंतीला समांतर तडा असेल तर प्रकरण आणखी गंभीर.

सळई थोडीच झिजली असेल तर सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढायचं, गंज घासायचा, गंजरोधक लेप आणि मग पॉलिमर मॉर्टर. झीज जास्त असेल तर नव्या सळयांचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या. शेवटी वरून वॉटरप्रूफिंग आणि बाहेर उतार. नुसतं प्लास्टर मारून घेऊ नका. आत गंज चालूच राहतो आणि दिसेनासा होतो.