कूलिंग टॉवर: 3 अंशांचा अ‍ॅप्रोच घ्यावा की तोच पैसा पाण्यावर घालावा?

चाकणचा मोल्डर
130 टनांच्या चिलरसाठी नवा टॉवर घ्यायचाय. पाणी तासाला 100 घनमीटर, 37 वरून 32 अंशांवर आणायचं. एका कोटेशनमध्ये वेट बल्ब, म्हणजे बाष्पीभवनाने पाणी जास्तीत जास्त जितकं गार होऊ शकतं ते तापमान, 28 आणि अ‍ॅप्रोच 4 आहे, म्हणजे टॉवरमधून निघणारं पाणी त्याहून 4 अंश गरम. दुसरा 3 अंश देतो, पण टॉवर मोठा आणि भाव बराच जास्त. पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकर. मोठा घ्यावा का, आणि पाणी किती लागेल?

मेंटेनन्सवाला
डोळे मिटून मोठा घ्या. पाणी पसरवणारे आतले फिल्स दोन वर्षांत चोंदतातच, तेव्हा तो जास्तीचा अंश कामी येतो. शिवाय मोठ्या टॉवरमध्ये पाणी कमी उडतं.

पाणीवाली
फिल्सचं मान्य. पाण्याचं नाही. वाफ होते ती उष्णतेमुळे, आणि चिलर बाहेर टाकतो ती उष्णता दोन्ही टॉवरांत जवळपास तेवढीच. 0.00153 गुणिले 100 गुणिले 5 म्हणजे तासाला साधारण 0.77 घनमीटर वाफ. अ‍ॅप्रोच यात कुठेच नाही.

पाण्याचं खरं बिल सायकल्सवर ठरतं, म्हणजे फिरत्या पाण्यातले क्षार नव्या पाण्याच्या किती पट होऊ देता त्यावर. वाफेबरोबर क्षार जात नाहीत, म्हणून थोडं फिरतं पाणी काढून टाकावं लागतं, तेच ब्लोडाउन. दोन सायकल्सवर चालवलंत तर दिवसाला साधारण 37 घनमीटर मेकअप, म्हणजे भरीचं नवं पाणी, साडेतीनवर 26, पाचवर 23. सुरुवातीची उडी मोठी आहे, पुढची किरकोळ. तुषार आणि ओव्हरफ्लो ब्लोडाउनमध्येच धरलेत. तुमचा पाण्याचा रिपोर्ट टाका.

ऊसवाला, कोल्हापूर
आमच्या साखर कारखान्यात स्प्रे पाँड आहे, मेकअप लागतच नाही, उलट पाणी वाढतं! तुम्हाला एवढं का लागतं?

पाणीवाली
दादा, तुमच्या कंडेन्सरमध्ये उसाच्या रसाची वाफ थेट पाण्यात मिसळते, म्हणून भर पडते. चिलरमध्ये तसं काही नसतं.

चाकणचा मोल्डर
रिपोर्ट: हार्डनेस 380, क्लोराइड 90, सिलिका 42. डोसिंगवाला म्हणतो, सॉफ्टनर लावा, पाच सायकल्स आरामात.

पाणीवाली
इथेच गोम आहे. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढतो, सिलिकाला हात लावत नाही. दख्खनच्या काळ्या कातळातल्या बोअरला सिलिका असतेच. फिरत्या पाण्यात ती 150 पीपीएमच्या आसपास ठेवायचा प्रघात आहे. पाच सायकल्सना 210 होते, साडेतीनला 147. म्हणजे तुमची मर्यादा साडेतीन, हार्डनेस शून्य केलात तरी. चुन्याचा थर आम्लाने निघतो, सिलिकाचा साध्या आम्लाला दाद देत नाही. टँकरचं पाणी वेगळं असणार, त्याचाही रिपोर्ट काढा. आणि नुसत्या मऊ पाण्यात गंज वाढतो, तेव्हा गंजरोधक आणि बायोसाइड चुकवू नका.

थंड डोकं
पाण्याचं पटलं, पण अ‍ॅप्रोच सोडून देऊ नका. कंडेन्सरचं पाणी एक अंशाने गार झालं की चिलरची वीज दोन-तीन टक्के वाचते. 130 टनांचा चिलर 85 किलोवॅट खात असेल तर सुमारे दोन किलोवॅट. चोवीस तास चालणाऱ्या कारखान्यात मोठ्या टॉवरचा भाव निघतो.

पाणीवाली
नळ्यांवर कागदाइतका थर बसला तरी ते दोन किलोवॅट गेले.

थंड डोकं
थर बसवायचा कशाला? ट्रीटमेंट करायचीच आहे, मग दोन्ही करा.

आणखी एक, 28 अंश हा किनारपट्टीचा आकडा आहे, कोटेशनमध्ये सरसकट छापतात. चाकण पठारावर आहे. मे महिन्यात पारा 40 गाठतो, पण हवा कोरडी. वेट बल्ब खरा चढतो तो पावसाच्या तोंडावर, आणि तरी मुंबईएवढा नाही. 28 ला 32 देणारा टॉवर 25 ला सुमारे 30 देईल. तीन अंश मात्र नाही उतरत, कारण वेट बल्ब खाली गेला की अ‍ॅप्रोच थोडा वाढतो. म्हणजे 32 साठी 4 चा टॉवरही तुम्हाला पुरेल. 3 चा घ्यायचा तर फक्त विजेसाठी घ्या.

मेंटेनन्सवाला
पुरेल, पण शेजारी भिंत असेल तर? आमचा टॉवर शेडला चिकटवला आहे. बाहेर पडलेली ओली हवा पुन्हा आतच येते. हवामान खात्याचा वेट बल्ब काहीही असो, टॉवरच्या तोंडाशी तो जास्तच भरतो.

थंड डोकं
बरोबर. मोठा टॉवर कोंडलेल्या जागी बसवण्यापेक्षा लहान मोकळ्यावर बरा. आणि दोन्ही विक्रेत्यांकडून टनांत नको, घनमीटर, येणारं-जाणारं तापमान आणि वेट बल्ब असं लेखी घ्या. टनाचा हिशोब प्रत्येकाचा वेगळा.

चाकणचा मोल्डर
जागा मोकळी आहे, एका बाजूला कंपाउंड. सायकल्स नक्की किती चालल्यात ते कसं कळतं?

पाणीवाली
फिरत्या पाण्यातलं क्लोराइड भागिले मेकअपमधलं. पण हायपो टाकत असाल तर क्लोराइड फुगतं, मग सिलिकावरून काढा. सॉफ्टनर नसताना कॅल्शियमचंही गुणोत्तर काढा. क्लोराइड साडेतीन पट आणि कॅल्शियम अडीच पट दिसलं, तर उरलेलं कॅल्शियम नळ्यांवर बसतंय. दर महिन्याला बघा. टॉवर कुठलाही घ्या, मेकअप आणि ब्लोडाउनला मीटर मात्र त्याच ऑर्डरमध्ये टाका.

थंड डोकं
तरीही 3 च्या बाजूने माझं मत कायम. रात्रीच्या पाळीचा लोड टाका, मग विजेचा हिशोब करू.