बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज: एकेक आकडा 10 टक्के हलवून बघणं पुरतं का?

मणेराजुरीचा
तासगाव भागात 1500 टनाचं बेदाणा स्टोरेज टाकायचं चाललंय. खर्च 2 कोटी. 80 टक्के भरेल असं धरलंय, टनाला वर्षाचं भाडं 6 हजार, म्हणजे 72 लाख जमा. लाईट 18 आणि बाकी खर्च 14 वजा जाता उरतात 40 लाख. दहा वर्षं, 12 टक्क्याने एनपीव्ही, म्हणजे पुढची सगळी शिल्लक आजच्या किमतीत आणून त्यातून 2 कोटी वजा केले की उरतं ते, 26 लाख येतो. रिपोर्टवाल्यांनी एकेक आकडा 10 टक्क्यांनी बिघडवून दाखवलाय: लाईट वाढली तर 16 लाख, बांधकाम वाढलं तर 6 लाख, भाडं उतरलं तर उणे 15. चुलतभाऊ म्हणतो हे पुरत नाही, चांगलं-मध्यम-वाईट वर्ष धर आणि प्रत्येकाला शक्यता लाव. मला ते मनाचे आकडे वाटतात. कोणाचं खरं?

फेरजुळणी
चुलतभावाचं. तक्त्यात एक आकडा हलतो तेव्हा बाकीचे जागेवर बसलेले असतात, तुमच्या धंद्यात तसं होत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी आला, रॅकवर वाळत घातलेला माल काळा पडला की तालुक्यात बेदाणाच कमी होतो, मग सगळे स्टोरेजवाले त्याच थोड्या पेट्यांमागे धावतात आणि भाडंही पाडतात. म्हणजे भरणा आणि भाडं एकाच वर्षी पडणार. 60 टक्के भरणा आणि 5400 भाडं धरून बघा, जमा 48.6 लाख. खर्च मात्र 32 चा 32च, कारण चेंबर अर्धा रिकामा असला तरी कॉम्प्रेसर फिरतोच. उरले 16.6 लाख, आणि हेच दहा वर्षं चाललं तर एनपीव्ही उणे 106. तुमच्या तक्त्यात सगळ्यात वाईट काय दिसतंय, तर उणे 15.

चांगल्या वर्षाला 90 टक्के भरणा, 6300 भाडं, खर्च लाखभर जास्त, एनपीव्ही 94. आता चांगलं 20 टक्के, मध्यम म्हणजे तुमचा मूळ हिशोब 50, वाईट 30 अशी शक्यता लावली तर अपेक्षित एनपीव्ही जवळजवळ शून्य येतो. 26 लाख कुठे गेले बघा.

रोकडा_हिशोब
माझा याला ठाम विरोध आहे. ते 30 टक्के आणले कुठून? वाईटाची शक्यता 20 करा, मध्यमची 60, उत्तर सरळ 13 लाखावर जातं. दहा टक्के इकडचे तिकडे केले आणि प्रकल्प तोट्याचा की फायद्याचा हेच बदललं. मी वीस वर्षं प्रोजेक्ट रिपोर्ट वाचतोय, ज्याला कर्ज पास करून घ्यायचंय तो शक्यता आपल्याला हवी तशी लावतो आणि मग खाली एकच गुळगुळीत आकडा उरतो, त्यामागे काय धरलंय ते कोणी विचारत नाही. साधा तक्ता निदान खोटं बोलत नाही.

फेरजुळणी
रोकडा, तुम्ही काढलेला 13 चा आकडा बरोबर आहे आणि मला तोच उपयोगाचा वाटतो. शक्यता छापून सोडून देऊ नका, उलट विचारा की कितीला उत्तर शून्य होतं. इथे ते साधारण 30 ला होतं. मग धागाकर्त्याला एवढंच शोधायचंय की दहा हंगामांत वाईट हंगाम तीनपेक्षा जास्त येतात की कमी, आणि हे जुन्या स्टोरेजच्या आवक वहीत सापडतं. भरणा पडला तर काय होईल हे तक्ता सांगतो, पण किती वेळा पडतो हे विचारायची आठवणसुद्धा करून देत नाही.

वेंगुर्ल्याची_माई
माझा अनुभव उलटा हा, म्हणून सांगते. आमची काजू फॅक्टरी. कच्च्या बीचा दर 10 टक्के वाढला तर आमचा सगळा नफाच जातो असं तक्ता दाखवायचा, नवऱ्याने तर नवीन ड्रायर घ्यायचं रद्दच केलं होतं. पण बी महागली की थोड्या दिवसांनी गराचा दरही चढतो, खरा फटका तेवढा बसत नाही. तुमच्याकडे दोन वाईट गोष्टी एकत्र येतात म्हणून तक्ता धोका कमी दाखवतो, आमच्याकडे एक दुसरीला सावरते म्हणून जास्त दाखवतो. त्यामुळे कुठले आकडे बरोबर चालतात ते आधी माणसांना विचारा, मग कॉम्प्युटर उघडा.

सांगली_सीए
एवढा खटाटोप कशाला, धोका आहे ना, मग 12 च्या जागी 16 टक्के लावा. धोक्याच्या धंद्याला चढा दर लावायचा असतो, एका ओळीत काम होतं.

फेरजुळणी
चढा दर चूक नाही, पण वाईट हंगामाची शक्यता रोख रकमेत धरली असेल तर तोच धोका दरात परत घालू नका. सरासरी रोख 35.4 लाख येते, तिच्यावर 16 लावलं की उणे 29, म्हणजे एकाच अवकाळीचे पैसे दोनदा कापले. शिवाय 10 टक्क्याच्या कर्जाच्या वर 12 धरलंय तेव्हा थोडा धोका त्यात आधीच आलाय.

सांगली_सीए
थोडा आलाय हे मान्य, पुरेसा आलाय हे नाही. मालकाचे स्वतःचे पैसे 12 टक्क्यावर कोण अडकवतो?

पेटी_नंबर_15
सबसिडी किती मिळते ते कोणी सांगेल का? ती धरली तर एनपीव्ही सरळ प्लस येईल ना?

फेरजुळणी
धरा, पण पहिल्या दिवशी हातात आली असं धरू नका. ती कर्जाला जोडलेली असते आणि मागाहून खात्यात येते, म्हणून कधी येईल यालाही चांगलं-वाईट धरावं लागेल. मूळ प्रश्न सबसिडी नसताना धंदा तरतो का हा आहे.

रोकडा_हिशोब
अजून एक राहिलंय. वाईट म्हणजे दहाच्या दहा वर्षं वाईट? असं कधी होतं का? दरवर्षी वेगळा हंगाम असतो. उणे 106 हा नुसता घाबरवायचा आकडा झाला.

फेरजुळणी
हा मुद्दा एकदम रास्त, मी वर घाई केली. दरवर्षी नव्याने 20-50-30 धरलं तरी अपेक्षित एनपीव्ही तेवढाच येतो, शून्याच्या आसपास, कारण सरासरीची सरासरी तीच. बदलतो तो फैलाव. दहाही वर्षं एकसारखी गेली तर उत्तर सरासरीपासून साधारण 74 लाख इकडेतिकडे होतं, दरवर्षी स्वतंत्र धरलं तर फक्त 25 लाख, कारण चांगली वर्षं वाईटांना भरून काढतात. खरं काय ते कारणावर आहे. अवकाळी येतो आणि जातो, पण शेजारी अजून चार स्टोरेज उभी राहिली आणि भरणा पडला तर ते सगळी वर्षं छळतं. दोन्ही कारणं एकाच ‘वाईट’ खान्यात टाकली ही माझी चूक.

मणेराजुरीचा
काल मामांच्या स्टोरेजच्या वह्या काढल्या, रात्री बारापर्यंत बसलो होतो. 11 हंगामांची नोंद सापडली. 65 टक्क्यांच्या खाली तीन वेळा गेलंय, पण त्यातले दोन लागोपाठ. भाडं मात्र तीनपैकी एकदाच उतरवलं होतं, बाकी दोनदा मामा अडून बसले. लॉकडाऊनच्या साली तर ताजी द्राक्षं जाईनात म्हणून लोकांनी बेदाणाच केला आणि जागा पुरली नव्हती, ते चांगल्यात धरायचं की वगळायचं कळेना.

फेरजुळणी
धरा, पण ते एकच वर्ष आहे, त्यावरून चांगल्याची शक्यता वाढवू नका. भाडं 6 हजारच ठेवून 60 टक्के भरणा धरला तर वाईट वर्षी 22 लाख उरतात, सरासरी थोडी सुधारेल. मला काळजी त्या लागोपाठ दोन वर्षांची आहे. कर्ज किती घेताय?

मणेराजुरीचा
1 कोटी 40 लाख, 7 वर्षं, 10 टक्के.

फेरजुळणी
मग वर्षाचा हप्ता पावणेएकोणतीस लाखाच्या आसपास. वाईट वर्षी हातात 17 ते 22, म्हणजे 7 ते 12 लाख बाहेरून घालावे लागणार, लागोपाठ दोन वर्षं गेली तर 14 ते 24. अपेक्षित एनपीव्हीत हे दिसत नाही, तो प्लस असला तरी दुसऱ्या वर्षी खातं थकू शकतं.

रोकडा_हिशोब
हे मी सुरुवातीपासून सांगतोय, सरासरीने हप्ता भरता येत नाही.

वेंगुर्ल्याची_माई
एकच चेंबर आधी बांधून बघता येणार नाही का रे? दुसऱ्याची जागा सोडून ठेव.

मणेराजुरीचा
येईल, पण टनामागे खर्च चढतो, मशीनरी एवढीच लागते. दोन भागांत बांधायचं कोटेशन मागवतो आणि तेव्हा परत इथेच आकडे टाकतो.