'मिश्र परिणाम' की 'माणसागणिक'? रक्तदाबाच्या नोंदी आणि एक अडलेला शब्द

पाटीपेन्सिल

एका वैद्यकीय अहवालाचा मराठी गोषवारा करते आहे. उच्च रक्तदाबाचे 40 रुग्ण, वीस जणांना नवी गोळी, वीस जणांना जुनी. सुरुवातीला आणि मग 4, 8, 12, 24 व्या आठवड्यात प्रत्येकाचा रक्तदाब मोजला. विश्लेषण 'मिक्स्ड इफेक्ट्स मॉडेल'ने केलं आहे. मी 'मिश्र परिणाम प्रतिमान' लिहिलं, तर संपादकांनी समासात विचारलं, "म्हणजे गोळीचा काहींना गुण आला, काहींना नाही, असं का?" त्यांचं बरोबर आहे. 'संमिश्र परिणाम' आपण रोज त्याच अर्थाने वाचतो.

दुसरी अडचण 'रँडम इफेक्ट'ची. 'यादृच्छिक परिणाम' लिहावं, तर तीनच ओळी आधी 'रुग्णांची यादृच्छिक विभागणी' आलेली आहे. वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटणार.

शब्द सुचवा. शिवाय दर भेटीला दोन गटांच्या सरासऱ्यांची सरळ टी-टेस्ट का केली नाही, हेही एका वाक्यात सांगायचं आहे.

खडीसाखर

'परिणाम' काढून 'प्रभाव' घाला. 'मिश्र प्रभाव' म्हटलं की गुण येण्या-न येण्याचा वास जातो. 'प्रतिमान'पेक्षा 'प्रारूप' मला बरं वाटतं, पण तो चवीचा भाग.

टी-टेस्टचं उत्तर सोपं आहे. एका चाचणीत चुकून फरक दिसण्याची शक्यता 5 टक्के धरतात. पाच भेटींच्या पाच चाचण्या केल्या की ती जवळजवळ 23 टक्के होते. उपायही सोपा, 0.05 ला पाचाने भागा आणि पी-मूल्य 0.01 च्या खाली आलं तरच फरक माना. एवढ्यासाठी मॉडेल लागत नाही.

दोन दशांश

खडीसाखर, 23 टक्के हा आकडा पाच चाचण्या एकमेकींशी संबंध नसलेल्या असतील तरच येतो. इथे पाचही वेळा माणसं तीच आहेत. ज्याचा दाब आठव्या आठवड्यात चढा, त्याचा बाराव्यातही बहुधा चढाच. त्यामुळे खरी शक्यता 5 आणि 23 च्या मध्ये कुठेतरी असते आणि पाचाने भागणं गरजेपेक्षा कडक ठरतं. पण ही लहान अडचण झाली. मोठी अडचण भागाकाराने सुटत नाही: नोंद कोणाची आहे, हेच त्या चाचणीला माहीत नसतं.

आकडे घेऊन बघू. समजा माणसामाणसांच्या नेहमीच्या दाबात 12 मिमी पाऱ्याचं प्रमाण विचलन आहे, आणि एकाच माणसाच्या भेटीभेटीत 8 चं. वर्ग केले की 144 आणि 64, एकूण 208. म्हणजे दोन नोंदींत जो फरक दिसतो त्यातला साधारण 69 टक्के 'हा माणूसच वेगळा आहे' एवढ्यामुळे असतो.

आता कोणी एका गटाच्या 100 आणि दुसऱ्याच्या 100 नोंदी एकत्र टाकून टी-टेस्ट केली, तर दोन्ही गटांच्या सरासरीतल्या फरकाची प्रमाण त्रुटी 2.04 येते. पण माणसं शंभर नाहीत, वीस आहेत. प्रत्येकाची पाच नोंदींची सरासरी धरून हिशेब केला की तीच त्रुटी 3.96 निघते. म्हणजे खात्री दुपटीने फुगवून सांगितली गेली, आणि नसलेला फरक सापडला.

उलट चूकही होते. एकाच गटात सुरुवातीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत दाब किती उतरला हे बघताना दोन वेगळे जमाव समजून टी-टेस्ट केली, तर त्रुटी 4.56 येते. प्रत्येकाची त्याच्या स्वतःशी तुलना केली तर 2.53. इथे असलेला उतार हातून निसटतो. माणूस विसरलात तर गट-तुलनेत त्रुटी खोटी कमी होते आणि काळ-तुलनेत खोटी जास्त. एकाच भागाकाराने दोन्हीकडच्या चुका कशा सुधारणार?

म्हणून शब्दाबद्दल माझं मत असं, की 'यादृच्छिक परिणाम' इथे टाकाच. मराठीत 'गणिक' आहे: घरागणिक, दिवसागणिक. रँडम इफेक्ट म्हणजे 'माणसागणिक फरक'. गोळीचा, आठवड्याचा जो परिणाम सगळ्यांसाठी एकच धरला, तो फिक्स्ड इफेक्ट, म्हणजे 'सामाईक परिणाम'. 'स्थिर परिणाम' लिहू नका. रक्तदाबाच्या लेखात 'स्थिर' म्हणजे दाब वर-खाली न होणं.

रानवारा

विषय रक्तदाबाचा आहे म्हणून विचारतो. वडिलांना आता दोन औषधं मिळून असलेली गोळी दिली आहे, तो 'मिश्र परिणाम' इथे धरलाय का? वहीत गोळी बदलण्याआधीच्या 14 नोंदी आहेत आणि नंतरच्या 14. त्यावर टी-टेस्ट चालेल का?

दोन दशांश

नाही, इथे 'मिश्र'चा गोळीशी संबंध नाही. मॉडेलमध्ये सामाईक आणि माणसागणिक असे दोन्ही भाग आहेत, म्हणून ते मिश्र.

तुमच्या वहीत माणूस एकच असल्याने माणसागणिक फरक काढताच येणार नाही. टी-टेस्टही जपूनच, कारण लागोपाठच्या दिवसांच्या नोंदी एकमेकींना धरून चालतात आणि 28 नोंदींत 28 नोंदींइतकी माहिती नसते. सकाळच्या नोंदी सकाळच्यांशी आणि संध्याकाळच्या संध्याकाळच्यांशी लावा, आणि एका बैठकीत दोन-तीनदा मोजत असाल तर पहिलीवर भिस्त ठेवू नका, ती बरेचदा चढी येते. गोळीचा निर्णय मात्र वही दाखवून डॉक्टरांनाच करू द्या.

ओंजळ

'माणसागणिक' मला लगेच पटला, कारण संगणकावर नेमकी हीच गोष्ट लिहावी लागते. आर वापरणाऱ्यांसाठी:

```r
library(lmerTest)
d$athavda <- factor(d$athavda)
m <- lmer(sbp ~ athavda * gat + (1 | rugna), data = d)
summary(m)
anova(m)
```

कंसातला `(1 | rugna)` म्हणजे 'रुग्णागणिक वेगळी पातळी'. कंसाबाहेरचं सगळं सामाईक. `athavda * gat` मुळे दोन गटांतला फरक आठवड्यांबरोबर बदलतो का, या प्रश्नाचं एकच उत्तर `anova(m)` मध्ये मिळतं. भेटीगणिक टी-टेस्टमध्ये ते मिळत नाही. तिथे '12 व्या आठवड्यात फरक आहे, 24 व्यात नाही' असं लिहितात आणि त्यावरून 'गुण ओसरला' म्हणतात. पी-मूल्य एकदा 0.04 आणि एकदा 0.07 आलं, यावरून ओसरणं सिद्ध होत नाही.

आधी तक्ता उभा करावा लागतो. एका रुग्णाच्या ओळीत पाच रकाने नकोत, दर नोंदीला एक ओळ हवी. आणि हमखास होणारी चूक अशी, की दोन्ही गटांत रुग्णांना 1 ते 20 असेच क्रमांक दिलेले असतात. मग दोन्हीकडचा 7 नंबरचा रुग्ण एकच माणूस समजला जातो, जणू त्याने दोन्ही गोळ्या घेतल्या, आणि गटांच्या तुलनेतली त्रुटी खोटी लहान येते. मॉडेल कसलीही तक्रार न करता चालतं. ओळखायचं ते फक्त या ओळीवरून:

```
Number of obs: 183, groups:  rugna, 40
```

शेवटी 40 च्या जागी 20 दिसलं तर थांबा आणि क्रमांक बदला.

कोणी पुढे जाऊन आठवडा आकडा म्हणून घेतात आणि `(1 + athavda | rugna)` लिहून उतारही रुग्णागणिक वेगळा धरतात. पाच भेटींत ते कधी पेलतं, कधी नाही. `boundary (singular) fit` असा संदेश आला तर एवढं बारीक वेगळेपण मोजण्याइतकी माहिती नोंदींत नाही असं बहुधा समजावं.

खडीसाखर

पाचाने भागण्याचं माझं म्हणणं अपुरं होतं, हे पटलं. पण 200 च्या जागी 183 कशा? उरलेल्या सतरांचं काय केलं? जोडीच्या टी-टेस्टमध्ये निदान हे स्पष्ट असतं, की ज्याची एक नोंद नाही तो बाहेर.

दोन दशांश

तेच तर नुकसान आहे. चोविसाव्या आठवड्याला न आलेल्या माणसाच्या आधीच्या चार नोंदी जोडीच्या चाचणीत वाया जातात. हे मॉडेल त्या वापरतं. आठव्या आठवड्याला 180 निघाले म्हणून डॉक्टरांनी एकाला अभ्यासातून काढलं, तर ते 180 नोंदीत आहेत आणि मॉडेल त्यांची दखल घेतं. मात्र दहाव्या आठवड्यात दाब फार उतरून चक्कर आली म्हणून एकजण यायचाच थांबला, तर तो उतरलेला दाब कुठेच लिहिलेला नाही. तिथे हे मॉडेलही फसतं. म्हणून कोण का आलं नाही, हे लिहून ठेवणं मॉडेलइतकंच गरजेचं आहे.

माणसागणिक पातळी कशी ठरते तेही बघा. सगळ्यांची सरासरी 150 आहे आणि एका रुग्णाची एकच नोंद आहे, 180. मॉडेल त्याची पातळी 180 धरत नाही, सुमारे 171 धरतं. एकाच नोंदीत त्या दिवसाचा योगायोगही असतो, म्हणून तिला सरासरीकडे खेचलं जातं. त्याच्याच पाच नोंदी असत्या आणि त्यांची सरासरी 180 असती, तर सुमारे 177.6 धरलं असतं. याला काही जण 'आकुंचन' लिहितात. रक्तवाहिन्यांच्या विषयात तो शब्द घातकच. मी 'सरासरीची ओढ' लिहितो.

कोरा कागद

'सामाईक'वर हरकत आहे. अर्थशास्त्रात 'फिक्स्ड इफेक्ट्स' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा प्रत्येक माणसाची किंवा राज्याची स्वतःची वेगळी पातळी अभिप्रेत असते. म्हणजे तुमच्या भाषेत माणसागणिकच. तिथे 'सामाईक' लिहिलं तर अर्थ उलटा होईल. एकाच इंग्रजी संज्ञेला दोन शास्त्रांत दोन मराठी शब्द चालतील का?

दोन दशांश

मला चालतील. अर्थ दोन आहेत, तर शब्द दोन असू द्या. कोशकारांना चालेल असं वाटत नाही.

ओंजळ

'माणसागणिक'लाही मर्यादा आहे. अभ्यास आठ रुग्णालयांत असेल तर 'रुग्णालयागणिक' म्हणता येईल, पण दोन्हींना मिळून एक नाव लागतं तेव्हा? 'गटागणिक' म्हणायला जावं तर गोळीचे गट आडवे येतात.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. सध्या असं लिहिते आहे:

"एकाच रुग्णाच्या नोंदी एकमेकींसारख्या असतात. दर भेटीला वेगळी टी-टेस्ट केल्यास हे साम्य लक्षात घेतलं जात नाही, म्हणून गोळी व आठवडा यांचे सामाईक परिणाम आणि रुग्णागणिक फरक एकत्र मोजणारे मिश्र प्रारूप वापरले."

'माणसागणिक'च्या जागी 'रुग्णागणिक' केलं, आणि 'मिश्र'ला लागून 'परिणाम' येऊ दिला नाही.

खडीसाखर

वाक्य छान आहे. फक्त 'साम्य' वाचून दोन रुग्ण एकमेकांसारखे आहेत असं वाटू शकेल. 'एकाच रुग्णाच्या नोंदींतलं साम्य' असं पूर्ण लिहा, लांबलं तरी.

रानवारा

वहीतल्या सकाळच्या नोंदी वेगळ्या केल्या, आधीच्या आठ आणि नंतरच्या सहा. दर बैठकीतली पहिली नोंद गाळायची, की दुसरीत मिसळून सरासरी घ्यायची?