मदत हवी आहे: दिवसा हॉलमध्ये आणि रात्री अंधारात टीव्हीचं सेटिंग कसं ठेवायचं?

एलईडी बॅकलाइटचा टीव्ही आहे. दुपारी खिडकीतून भरपूर उजेड येतो आणि चित्र फिकट दिसतं, म्हणून मी ब्राइटनेस ५० वरून ६५ वर नेला. दिवसा थोडं बरं वाटलं, पण रात्री दिवे बंद करून सिनेमा लावला तर वरखालच्या काळ्या पट्ट्या चक्क राखाडी! मग कळलं की बऱ्याच टीव्हींमध्ये ब्राइटनेस म्हणजे काळ्याची पातळी, पडद्यामागचा प्रकाश वाढतो तो बॅकलाइटने.

आता ब्राइटनेस परत ५० वर आणलाय. दिवसा बॅकलाइट ९०, रात्री २५. पट्ट्या बऱ्याच काळ्या झाल्या आणि डोळेही चुरचुरत नाहीत. कॉन्ट्रास्ट ९५ ला होता, तेव्हा पांढऱ्या शर्टाच्या चुण्या आणि ढगांमधल्या छटा एकजीव दिसायच्या. ८५ वर आणल्यावर चुण्या परत आल्या, तेव्हा तो दोन्ही वेळी तिथेच ठेवलाय.

अडलंय ते एवढंच: रात्री अंधाऱ्या प्रसंगात काळे केस आणि काळा कोट एकमेकांत मिसळतात. इथे ब्राइटनेस ५२-५३ करावा, की तो तसाच ठेवून गॅमा २.४ वरून २.२ करावा? गॅमाने काळं काळंच राहून फक्त सावल्या उजळतील, असा माझा अंदाज आहे. बरोबर आहे का? खोलीच्या उजेडानुसार आपोआप बदलणारा सेन्सर मी बंद केलाय, कारण प्रसंगाच्या मधेच चित्र उजळायचं. दिवस-रात्रीसाठी दोन वेगळे पिक्चर मोड सेव्ह करणारे कुणी असाल तर तुमचे आकडे सांगा, प्लीज.