'आलास तर' की 'येणार असशील तर'?

कऱ्हाडकर: मावसभावाशी वाजलंय, एका क्रियापदावरून. त्याला लिहिलं होतं, "साताऱ्याला आलास तर फोन कर." तो पुण्याहून निघाला, सातारा स्टँडवर उतरला आणि तिथून फोन केला. मी कऱ्हाडात, म्हणजे पन्नासेक किलोमीटर लांब. भेट झालीच नाही. रात्री मी लिहिलं, "आधी कळवलं असलंस तर मी आलो असतो." त्यावर त्याचं उत्तर, "हे वाक्यच चुकलंय, आणि पहिल्याप्रमाणे मी बरोबरच वागलो." कोण चुकलं?

वाईकर: 'असलंस' चूक, 'असतंस' पाहिजे. आणि पहिलंही चूक. 'आलास' हा भूतकाळ. पुढच्या बेताला तो कसा चालेल? "जर तू येशील तर" हेच शुद्ध. 'जर' गाळायची सवय मोबाइलमुळे लागली.

मिरजेचे मास्तर: वाईकर, 'असतंस'बद्दल तुमचं पटलं, बाकीचं नाही. "पाऊस पडला तर पेरू" असं शेतकरी मोबाइल नव्हता तेव्हाही म्हणत होता. त्यात 'जर' नाही आणि 'पडला' हा गेलेला काळही नाही. आधी पाऊस पडायचा, मग पेरणी, एवढा क्रम त्यात आहे. 'तर' मात्र गाळता येत नाही.

त्याच हिशोबानं "आलास तर फोन कर" म्हणजे आधी येणं, मग फोन. भावानं अक्षरशः तेच केलं. निघायच्या आधी फोन हवा होता तर "येणार असशील तर फोन कर" लिहायचं. तिथे अट येण्याची नाही, येण्याच्या बेताची आहे. "येणार असशील तर भात जास्त लावते" असं आई म्हणते ते याचसाठी. "आलास तर लावते" म्हणाली तर पाहुणा दारात आल्यावर कुकर चढायचा.

कऱ्हाडकर: म्हणजे पहिली चूक माझी. मान्य. पण 'असलंस' का नाही चालत?

मिरजेचे मास्तर: "कळवलं असलंस तर" म्हणजे कळवलंस की नाही हे मला अजून ठाऊक नाही. "आईला कळवलं असलंस तर ती वाट बघत असेल," इथे ते चपखल बसतं. तुम्हाला तर ठाऊक होतं की त्यानं कळवलं नाही. मग "कळवलं असतंस तर मी आलो असतो", दोन्हीकडे 'असत-'. शंका आली तर शेवटी "पण नाही कळवलंस" जोडून बघा. 'असतंस'ला जुळतं, 'असलंस'ला अडखळतं.

जतची: माझंही असंच झालं. पुण्यात ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं, "वेळ असता तर मी काम केलो असतो." सगळे हसले. आमच्याकडे घरात निम्मं कानडी, सगळे असंच बोलतात. वर मी बाई असून 'आलो असतो' म्हणते, त्यालाही हसले. यात नक्की चूक कुठली?

वाईकर: दोन्ही. प्रमाण भाषेत बाईनं "आले असते" म्हणायचं.

मिरजेचे मास्तर: दोन्हींना एका दावणीला बांधू नका. बायकांचं "मी आलो असतो" सांगली-कोल्हापुरात घरोघरी ऐकू येतं. ती इथली रीत आहे. 'काम केलो असतो'चं वेगळं. तिथे बाई की पुरुष हा प्रश्नच नाही, क्रियापद कामाच्या मागे जातं. मी काम केलं असतं, मी बस पकडली असती, मी पैसे दिले असते. ऑफिसात लिहिताना एवढं सांभाळा.

जतची: सांभाळीन. पण माझ्या आईचं बोलणं चूक आहे, हे मी म्हणणार नाही.

कोरेगावचा: आमच्यात याला सोपं उत्तर आहे. "आल्तास तर भेटायचं की!"

मिरजेचे मास्तर: ते 'आला होतास तर'. म्हणजे तो खरंच आला होता आणि भेटला नाही, ही तक्रार. 'आला असतास तर' म्हणजे तो आलाच नाही. कऱ्हाडकरांचा भाऊ तर आला होता, तेव्हा तुमचंच वाक्य त्यांना जास्त लागू पडतं.

वाईकर: मुळात 'तर' हा 'तरणे'वरून आलाय. अट पार पडली की माणूस तरला. म्हणून 'जर'शिवाय तो उघडा पडतो.

मिरजेचे मास्तर: नाही हो, संस्कृत 'तर्हि'वरून. तरण्याचा संबंध नाही. जुन्या व्याकरणात "पाऊस पडता तर पीक येते" असंही रूप आहे. पडला असता, आलं असतं, या अर्थानं. तिथे 'असता'सुद्धा नाही.

वाईकर: मग ते शुद्ध आणि जतचं अशुद्ध, हे कसं?

जतची: मी तेच विचारतेय.

कऱ्हाडकर: भावाला आज लिहिलं, "रविवारी येणार असशील तर शनिवारी कळव." त्याचं उत्तर आलं, "जमलं तर." आता हे येण्याबद्दल की कळवण्याबद्दल?

कोरेगावचा: 'जमल्यास' लिहिलं असतं तर कळलं असतं का?