मदत हवी आहे: वकिलांच्या उत्तरातून काहीच निष्पन्न होत नाही, तरतूद करायला लावू की टीप पुरेशी आहे?

कच्ची_खतावणी
एका कंपनीचे ऑडिट अंतिम टप्प्यात असून पुढील आठवड्यात अहवालावर सही व्हायची आहे. एका पुरवठादाराने कंपनीवर ८० लाखांचा दावा लावला आहे. कंपनीने तो संभाव्य दायित्व म्हणून केवळ टिपांमध्ये दाखवला आहे. वकिलांकडून पत्राला उत्तर आले ते असे: "आमच्या अशिलाची बाजू भक्कम आहे व आम्ही दाव्याचा जोमाने प्रतिवाद करीत आहोत, मात्र प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने निकालाविषयी अंदाज व्यक्त करणे उचित होणार नाही." या उत्तरावर फाइल बंद करता येईल का? कृपया लवकर सांगावे.

आकडेमोड
सोपे आहे. हरण्याची शक्यता किती टक्के आहे ते व्यवस्थापनाकडून लिहून घ्या आणि तितक्या प्रमाणात तरतूद करायला सांगा. ४० टक्के शक्यता असेल, तर ३२ लाख. आम्ही वॉरंटीच्या दाव्यांसाठी दरवर्षी हेच करतो आणि आजवर कोणी हरकत घेतलेली नाही.

जुना_पडताळक
आकडेमोड, वॉरंटीसाठी तुमची रीत योग्यच आहे, कारण तेथे एकसारखे शेकडो दावे असतात आणि त्यांची सरासरी खरी ठरते. येथे दावा एकच आहे. ३२ लाख ही रक्कम या खटल्यात कोणीही कोणाला देणार नाही. आयएएस ३७ प्रमाणे आधी एवढेच पाहायचे, की पैसे द्यावे लागण्याची शक्यता न लागण्याच्या शक्यतेपेक्षा अधिक आहे का. ती अधिक असेल, तर सर्वाधिक संभवनीय निकालाची रक्कम धरून आणि इतर संभाव्य निकालांकडेही लक्ष ठेवून तरतूद करायची. ती अधिक नसेल, तर टीप द्यायची. आणि शक्यता अगदीच दूरची असेल, तर टीपही लागत नाही.

कच्ची_खतावणी, तुमच्या प्रश्नात महत्त्वाचे तेवढेच राहून गेले आहे. पत्र कोणी लिहिले आणि त्यात नेमके काय विचारले? उत्तरावर तारीख कोणती आहे? खटला कोणत्या टप्प्यावर आहे?

कच्ची_खतावणी
पत्र कंपनीच्या लेटरहेडवर होते आणि पाठवले आम्ही. मजकूर नेहमीचाच होता, म्हणजे "आपल्याकडे असलेल्या सर्व प्रलंबित प्रकरणांची माहिती व संभाव्य परिणाम कळवावेत." उत्तर सव्वा महिन्यापूर्वीचे आहे. खटला अपिलात आहे. खालच्या न्यायालयाने ताळेबंदाच्या तारखेच्या आधीच ५२ लाख व त्यावर व्याज देण्याचा आदेश दिला होता, परंतु त्याला स्थगिती असल्यामुळे तो प्रश्न उरत नाही.

जुना_पडताळक
प्रश्न तेथेच तर आहे! स्थगितीमुळे वसुली थांबते, देणे नाहीसे होत नाही. एका न्यायालयाने पुरावा तपासून विरुद्ध निकाल दिल्यावर "बाजू भक्कम आहे" या वाक्याचे वजन बरेच घटते. अपिलात कोणते मुद्दे घेतले आहेत आणि त्यांत नवे काय आहे, हे कळल्याशिवाय हे प्रकरण नुसत्या टिपेवर सोडता येणार नाही. तसेच आदेशात व्याज असेल, तर ताळेबंदाच्या तारखेपर्यंतचे व्याजही मोजावे लागेल. ८० लाख हा आकडा आता मागे पडला आहे. पुरवठादाराने उरलेल्या रकमेसाठी स्वतः अपील केले असेल, तरच तो पुन्हा विचारात येईल.

काळा_डगला
मी वकिली करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. असे पत्र आले की आम्ही हात आखडता घेतो, यात आश्चर्य काय? "अशील हरण्याचा संभव अधिक आहे" असे मी लिहिले आणि तो कागद उद्या प्रतिपक्षाच्या हाती लागला, तर अशिलाचे नुकसान माझ्याच सहीने होईल. वकील आणि अशील यांच्यातील गोपनीयता ऑडिटरच्या सोयीसाठी नसते. त्यातून पत्रे इतकी मोघम असतात, की काय विचारले आहे हेच उमगत नाही.

जुना_पडताळक
काळा_डगला, गोपनीयतेचा मुद्दा मान्य आहे. म्हणूनच वकिलांकडून भाकीत मागायचे नसते. आयएसए ५०१ मध्ये सुचवलेली रीत निराळी आहे: व्यवस्थापनाने पत्रात प्रकरणांची यादी द्यावी, प्रत्येकापुढे निकालाविषयीचा स्वतःचा अंदाज आणि खर्चासह रक्कम लिहावी, आणि वकिलांनी हा अंदाज वाजवी आहे का व यादीत काही राहिले आहे का, एवढेच ऑडिटरला थेट कळवावे. अंदाज बांधण्याची जबाबदारी कंपनीची आहे, ती मोघम पत्राच्या आडून वकिलांवर ढकलली जाते.

वसुली_त्रस्त
आमच्याकडेही ग्राहक शिल्लक रकमेच्या पत्राला उत्तर देत नाहीत. ठरलेल्या मुदतीत उत्तर न आल्यास रक्कम मान्य समजू, असे खाली छापून द्यावे. आमचे काम त्यावर भागते.

जुना_पडताळक
वसुली_त्रस्त, येथे ग्राहकांच्या शिल्लक रकमेचा विषय नाही. वकिलांचे मौन म्हणजे संमती असे धरता येत नाही.

कच्ची_खतावणी, कायदेशीर खर्चाचे खाते उघडून वकिलांची बिले एकेक करून वाचा. एकूण रक्कम जुळली म्हणून पुढे जाऊ नका. कामाचे वर्णन वाचा. संचालक मंडळाची इतिवृत्तेही अगदी आजपर्यंतची पाहा.

कच्ची_खतावणी
बिले पाहिली. ताळेबंदाच्या तारखेनंतरच्या एका बिलात अपिलाच्या कामाखाली एक ओळ आहे: "तडजोडीच्या प्रस्तावाचा मसुदा व त्याबाबत दोन बैठका." वकिलांच्या उत्तरात याचा उल्लेख नव्हता. पुढे इतिवृत्तात सापडले, की मंडळाने ३५ लाखांपर्यंत तडजोड करण्यास मान्यता दिली आहे. मग तरतूद ३५ लाखांची धरावी का?

आकडेमोड
अर्थातच ३५. कंपनीने स्वतःच आकडा ठरवला आहे.

काळा_डगला
मी सहमत नाही. खटल्याचा खर्च आणि मनस्ताप टाळण्यासाठी जिंकण्याजोग्या प्रकरणातही तडजोड सुचवली जाते. प्रस्ताव म्हणजे कबुली नव्हे.

जुना_पडताळक
न्यायालयात ती कबुली ठरणार नाही, पण हिशेबाच्या दृष्टीने तो पुरावा आहे. खालचा निकाल विरुद्ध आणि वर पैसे देण्याची मंडळाची तयारी, हे एकत्र पाहता देणे संभवनीय नाही असे म्हणणे कठीण जाईल. मात्र ३५ लाख हा कंपनीने पुढे केलेला आकडा आहे, प्रतिपक्षाने तो स्वीकारलेला नाही. तो स्वीकारण्याची चिन्हे नसतील, तर माझा कल ५२ लाख अधिक व्याज याकडे राहील. तडजोड सहीच्या आधी पक्की झाली, तर प्रश्नच मिटतो. तीच रक्कम ताळेबंदात येईल.

तोवर व्यवस्थापनाच्या परवानगीने आणि त्यांच्या प्रतिनिधीसमोर वकिलांची बैठक घ्या. जे लिहायला कचरतात ते बोलायला तितके कचरत नाहीत. टिपण मात्र फाइलला लावा. सुधारित पत्राचे उत्तर सहीच्या तारखेच्या शक्य तितके जवळचे असू द्या. परवानगी नाकारली आणि दुसऱ्या मार्गानेही पुरावा मिळाला नाही, तर अभिप्रायातच बदल करावा लागेल. व्यवस्थापनाच्या लेखी निवेदनावर ती उणीव भरून निघत नाही.

कच्ची_खतावणी
बैठकीला परवानगी मिळाली आहे. परंतु वित्तप्रमुखांचे म्हणणे असे, की तरतुदीचा आकडा छापला तर पुरवठादार तोच आकडा धरून बसेल, म्हणून ३५ किंवा ५२ काहीच दाखवायचे नाही.

जुना_पडताळक
त्यांची भीती खोटी नाही. प्रतिपक्षासमोर कंपनीची बाजू गंभीरपणे दुबळी होणार असेल, तर अत्यंत दुर्मीळ प्रसंगी तपशील गाळण्याची मुभा आहे. तेव्हाही वादाचे सर्वसाधारण स्वरूप आणि माहिती गाळल्याचे कारण द्यावे लागते. पण ही मुभा टिपांपुरतीच आहे, तरतूद करण्यातून सुटका मिळत नाही. इतर तरतुदींच्या बेरजेत ही रक्कम वेगळी ओळखू येते का, ते आधी पाहा.

काळा_डगला
बैठकीत "किती टक्के" हा प्रश्न तेवढा विचारू नका. अपिलाचे मुद्दे विचारा, मोकळेपणाने उत्तर मिळेल.

कच्ची_खतावणी
इतर तरतुदी अगदी किरकोळ आहेत, त्यामुळे बेरजेत ही रक्कम लपणार नाही. बैठक परवा आहे. त्यानंतर येथेच लिहितो.